प्रपोजल फॉर्ममध्ये ‘बीपी थोडा आहे’ असं लिहिलं तर चालेल का?

मृण्मयी_गंगापूररोड

नमस्कार. आम्ही पहिल्यांदाच स्वतःची आरोग्य पॉलिसी घेतोय. आजवर नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत होतो, तिथे तब्येतीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय. तो ४३, मी ३९, मुलगी ९ वर्षांची. तिघांना मिळून दहा लाखांची फ्लोटर बघितली आहे आणि फॉर्म समोर आहे.

अडकले आहे ते तीन प्रश्नांवर. ‘नियमित औषधे घेता का?’ नवरा नोव्हेंबर २०२३ पासून टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी घेतो. त्याच्या आधी वर्षभर डॉक्टर ‘बॉर्डरलाइनवर आहे, मीठ कमी करा’ एवढंच म्हणत होते. दुसरा प्रश्न, ‘छातीत दुखणे, धाप, चक्कर यांसाठी कधी सल्ला किंवा तपासणी?’ ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्री त्याच्या छातीत त्रास झाला म्हणून जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं. ईसीजी आणि टू-डी एको दोन्ही नॉर्मल आले. अॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या आणि दोन तासांनी घरी पाठवलं. तिसरा प्रश्न आईवडिलांच्या आजारांचा. सासरे ५८ व्या वर्षी झोपेत गेले. कशाने गेले ते आम्हाला आजही माहीत नाही.

एजंट ओळखीचा आहे, दिराचा मित्र. तो म्हणतो, “वहिनी, सगळीकडे ‘नाही’ टाकतो. फारच वाटत असेल तर ‘बीपी थोडा’ लिहू. बाकीचं लिहाल तर प्रीमियम वाढेल, नाहीतर फाइल परत येईल.” मला हे पटत नाही, पण भीतीही वाटते. तुम्ही कुणी हे प्रश्न भरले असतील तर नेमकं काय लिहिलंत?

अजय_७८

ताई, एजंट अगदीच चुकीचं सांगत नाहीये. तीन वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५ आहे. माझ्या सासऱ्यांनी काही लिहिलं नव्हतं, सहा वर्षांनी क्लेम आरामात मिळाला. एका गोळीचा बीपी तर आज घरोघरी आहे.

सुहास_कराड

अजयराव, तुमच्या सासऱ्यांना मिळाला, चांगलं झालं. माझ्या थोरल्या भावाचं काय झालं ते सांगतो. ताईंनी हे वाचून मग ठरवावं.

दादाला जून २०२१ मध्ये गावातल्या डॉक्टरांनी अॅमलोडिपिन ५ सुरू केली. त्याने दोन महिने घेतली, बरं वाटलं, सोडून दिली. मार्च २०२२ मध्ये पॉलिसी घेतली. ‘नियमित औषध’ या शब्दावर तो म्हणाला, “मी कुठे नियमित घेतो?” आणि ‘नाही’ झालं. त्याच्या मनात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

जानेवारी २०२४ ला छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, बिल दोन लाख चाळीस हजार. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, बीपी आहे का? ती घाबरलेली. म्हणाली, “आहे, चार-पाच वर्षं झाली.” डिस्चार्ज कार्डावर ‘पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब’ असं छापून आलं. कॅशलेस नाकारलं. आम्ही पैसे गोळा करून बिल भरलं आणि नंतर कागद पाठवले. मग कंपनीचा तपासनीस गावात आला. डॉक्टरांकडे गेला, केसपेपरची झेरॉक्स घेऊन गेला. दोन महिन्यांनी पत्र आलं, क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द.

आम्ही विमा लोकपालांकडे गेलो. पाच वर्षं हे चुकीचं आहे, ते आम्ही पहिल्या चिठ्ठीवरून दाखवलं. पण ती चिठ्ठीच जून २०२१ ची, म्हणजे पॉलिसीच्या नऊ महिने आधीची. तिथेच आमचं म्हणणं संपलं.

दप्तरदार

मी २२ वर्षं आरोग्य विम्याच्या अंडररायटिंगला होतो, म्हणजे हे फॉर्म वाचून ‘घ्यायचं की नाही, कोणत्या अटीवर’ ते ठरवणाऱ्या टेबलावर. आता निवृत्त आहे. सुहासराव, वाईट वाटलं. तुमच्या भावाच्या प्रकरणात एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही, ती नंतर लिहितो.

आधी अजयरावांचं. कलम ४५ आयुर्विम्याचं आहे. तिथे तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात वेगळा नियम आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फक्त सिद्ध झालेली फसवणूक सोडून. हे पूर्वी आठ वर्षं होतं, २०२४ मध्ये पाच झालं. तुमच्या सासऱ्यांना सहा वर्षांनी मिळाला तो बहुधा असाच. पण ‘पाच वर्षं गप्प बसा’ हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. एक तर त्या पाच वर्षांत आजार आला तर तुम्ही उघडे. दुसरं, गोळी रोज खाताना जाणूनबुजून ‘नाही’वर सही केली असेल, तर कंपनी फसवणूक म्हणूनच मांडणी करते. शिवाय मध्येच विमा रक्कम वाढवली तर वाढलेल्या रकमेचे ६० महिने तेव्हापासून मोजतात.

मृण्मयीताई, आता तुमचा ‘बीपी थोडा’. माझ्या टेबलावर असा फॉर्म आला की मला त्यातून काहीच कळायचं नाही. थोडा म्हणजे १३५ की १६०? एक गोळी की तीन? दोन महिने की बारा वर्षं? मग मी एकतर प्रश्नपत्र पाठवायचो नाहीतर तपासण्या लावायचो. कामाचा ढीग असला की वाईटात वाईट धरून प्रीमियम वाढवायचो. तेच कुणी लिहिलं असेल की ‘टेल्मिसार्टन ४०, सकाळी एक, नोव्हेंबर २०२३ पासून, मात्रा बदललेली नाही, गेल्या महिन्यातलं मोजमाप १२८/८२, यासाठी कधी अॅडमिट नाही’, तर पाच मिनिटांत फाइल पुढे जायची. चाळिशीतल्या माणसाचा एका गोळीवर आटोक्यात असलेला बीपी हे नाकारण्याचं कारण सहसा नसतं. बहुतेक ठिकाणी प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तेवढे महिने त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि काही ठिकाणी थोडा जादा प्रीमियम.

हा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. जाहीर केलेल्या आजाराचं घड्याळ पॉलिसीच्या पहिल्या दिवशी सुरू होतं आणि तीन वर्षांनी तो आजार पूर्णपणे झाकला जातो. न सांगितलेल्या आजाराचं घड्याळ सुरूच होत नाही.

मृण्मयी_गंगापूररोड

काका, खूप आभार. पण नोव्हेंबर २०२३ च्या आधीचं ‘बॉर्डरलाइन’ लिहायचं का? तेव्हा गोळी नव्हती, निदानही नव्हतं.

दप्तरदार

लिहा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार सांगितले, ते सगळं आधीपासूनच्या आजारात मोडतं. यात ‘सांगितले’ हा शब्द नीट बघा. तुम्ही गोळी खाल्ली की नाही, नियमित खाल्ली की सोडली, हा प्रश्नच नाही. सुहासरावांच्या भावाचा घात नेमका तिथे झाला. फॉर्ममध्ये ‘नियमित’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तुम्ही ‘मी नेमाने घेतो का’ असा लावता. तपासनीस मात्र ‘डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितली होती का’ असा लावतो. म्हणून सोडलेली गोळीही लिहायची, कधी सुरू केली, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडली ते.

आता ती राहिलेली गोष्ट. सुहासराव, तुमच्या दादाने खरं लिहिलं असतं तरी जानेवारी २०२४ चा तो क्लेम कदाचित मिळाला नसता. पॉलिसीला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, बीपीचा प्रतीक्षा काळ चालू असता आणि स्टेंटचा संबंध कंपनीने बीपीशी जोडला असता. पण पॉलिसी जिवंत राहिली असती. पुढे काही वर्षांत हृदयासकट सगळं झाकलं गेलं असतं. आज स्टेंट असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळवायला दारोदार फिरावं लागतं. दोन लाख चाळीस हजारांपेक्षा ते नुकसान मोठं आहे.

सुहास_कराड

खरं आहे. तीन ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी सरळ नकार, तिसऱ्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि आता प्रत्येक फॉर्ममध्ये ‘कोणत्या कंपनीने पूर्वी अर्ज नाकारला किंवा पॉलिसी रद्द केली का’ हा प्रश्न आहेच. त्याला ‘हो’ म्हणावं लागतं.

शैलजा_परांजपे

माझ्या आईचं वय ६७, तिला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे. तिच्यासाठी कोणती पॉलिसी घ्यावी? डोळ्याचे थेंब हे नियमित औषध धरतात का?

दप्तरदार

शैलजाताई, कोणती पॉलिसी याचा वेगळा धागा काढा, इथे ते मागे पडेल. थेंबांचं मात्र इथलंच आहे. हो, लिहायचे. विशेषतः काचबिंदूचे असतील तर नक्की, कारण लोक ‘डोळ्यांत थेंब घालते’ एवढंच म्हणतात आणि ते मोतीबिंदूचे आहेत की काचबिंदूचे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. बाटलीवरचं नाव वाचून लिहा.

डॉ_अनघा_सांगली

मी जनरल प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्या तपासनिसांमुळे याची दुसरी बाजू मला रोज दिसते.

केसपेपरवर आम्ही जे लिहितो ते स्वतःच्या आठवणीसाठी असतं. पण वर्षांनी तोच कागद पुरावा होतो. बीपी एकदाच १५० निघाला की मी पुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘उच्च रक्तदाब?’ असं लिहिते. माझ्यासाठी त्याचा अर्थ ‘पुन्हा बघू’. फाइल वाचणारा मात्र प्रश्नचिन्ह सोडून बाकीचं वाचतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून जुन्या कागदांच्या प्रती घ्या आणि तुमच्याबद्दल तिथे काय लिहिलंय ते बघा. मृण्मयीताई, ऑगस्ट २०२२ च्या रात्रीचा इमर्जन्सीचा पेपर हॉस्पिटलात अजून मिळू शकेल, लवकर जा. जुने कागद कायम सांभाळले जात नाहीत.

आणि लक्षण लिहिताना ‘छातीत दुखलं’ हे दोन शब्द कृपा करून एकटे लिहू नका. छातीत जळजळ, चमक, धडधड, दाब, चारही वेगळे. जेवणानंतर पोटाच्या वर जळजळत होतं की जिना चढताना दाब येऊन हात भरून आला होता? तुम्हाला आठवतंय तसं साध्या मराठीत लिहा, बरोबर ईसीजी आणि एको जोडा. नॉर्मल रिपोर्ट जोडलेलं लक्षण आणि नुसतं ‘छातीत दुखलं’ यांच्यात वाचणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक मनापासूनची विनंती. क्लेम अडकल्यावर माझ्याकडे ‘मागच्या तारखेचं सर्टिफिकेट द्या’ म्हणून येऊ नका. रुग्ण रडतात, मला नाही म्हणताना त्रास होतो, पण मी ते देऊ शकत नाही. डिस्चार्ज कार्डात खरोखर चूक असेल तर डॉक्टर स्वतंत्र सहीचं दुरुस्तीपत्र देतात, कशाच्या आधारावर दुरुस्ती केली ते लिहून. खाडाखोड केलेलं कार्ड कुणीच मानत नाही. वहिनींसारखं घाईत ‘चार-पाच वर्षं’ निघून जातं, म्हणून पहिल्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

केदार_ठाणे

डॉक्टर आणि काकांचं सगळं मान्य. पण एक बाजू मांडायचीय. मी २०२३ मध्ये अक्षरशः सगळं लिहिलं. दहा वर्षांपूर्वी दोनदा चक्कर आली होती, मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता, तेही लिहिलं. कंपनीने अर्ज नाकारला, कारण एका ओळीत. मग दुसऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘नाकारला होता’ हेही लिहावं लागलं. शेवटी चौथ्या कंपनीत मिळाली, २० टक्के जादा देऊन. प्रामाणिकपणाची किंमत आहे, ती सांगायला हवी. फॉर्ममध्ये ‘गेल्या ५ वर्षांत’ विचारलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचं लिहायचंच का?

दप्तरदार

केदार, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नाकारतात, आणि कारण नीट देत नाहीत हे माझ्या काळातही खटकायचं. प्रश्न पाच वर्षांचा असेल तर उत्तर पाच वर्षांचं द्यावं, हे माझं मत. विचारलंय तेवढं पूर्ण सांगायचं, न विचारलेलं उकरून काढायचं नाही. मात्र त्याच फॉर्ममध्ये दुसरीकडे ‘कधीही’ असा शब्द आहे का ते तपासा. बऱ्याच फॉर्ममध्ये हृदय, मेंदू, कॅन्सर यांना ‘कधीही’ असतं आणि बाकीच्यांना वर्षं असतात.

आणि नकार टाळायचा असेल तर एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नका. आधी ईमेलवर सगळे तपशील देऊन विचारा की अशा माणसाला घेता का. तो अर्ज नसतो, त्यामुळे नकार धरला जात नाही.

मृण्मयी_गंगापूररोड

आणि सासऱ्यांचं? नणंद म्हणते ‘हार्ट अटॅक लिहू नको, मुलाला त्रास होईल’. चुलत सासरे म्हणतात हार्टच होतं. एजंट म्हणतो ‘वृद्धापकाळ’ लिहा.

अजय_७८

मृत्यूचा दाखला बघा, त्यावर कारण असेल ना?

डॉ_अनघा_सांगली

नाही अजयदादा. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. घरी झालेल्या मृत्यूत तर अनेकदा निदान झालेलंच नसतं. ‘हृदय बंद पडून’ असं घरचे सांगतात, पण शेवटी हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं, ते आजाराचं नाव नव्हे.

दप्तरदार

५८ व्या वर्षी ‘वृद्धापकाळ’ हे उत्तर वाचून कोणताही अंडररायटर थांबेल. खात्री नसताना ‘हार्ट अटॅक’ही लिहू नका. एकदा लिहिलं की साठीच्या आतला हृदयविकार म्हणून मोजलं जातं. जे ठाऊक आहे तेच लिहा, म्हणजे वय, झोपेत निधन, शवविच्छेदन झालं की नाही आणि आधी कोणते आजार होते, किती वर्षं गोळ्या होत्या.

एक धास्ती मात्र काढून टाका. वडिलांचा आजार हा मुलाचा आधीपासूनचा आजार होत नाही, त्यावर प्रतीक्षा काळ लागत नाही. साध्या मेडिक्लेममध्ये हा प्रश्न कित्येकदा नसतोच. टर्म विमा आणि क्रिटिकल इलनेसमध्ये त्याला वजन असतं, तिथे प्रीमियमवर परिणाम होऊ शकतो.

सुहास_कराड

काका, एक विचारायचं राहिलं. आमच्या वकिलांनी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला होता. पाठीच्या मणक्याचा आजार लपवला होता, मृत्यू हृदयाने झाला, तरी वारसांना पैसे मिळाले. मग लपवलेल्या गोष्टीचा क्लेमशी संबंध नसेल तर चालतं ना?

दप्तरदार

तो निकाल आहे, आयुर्विम्याचा आहे. पण २००९ मध्ये त्याच न्यायालयाने मेडिक्लेममध्ये मधुमेह आणि किडनीचा आजार लपवल्यावर कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, आणि त्यात म्हटलं की फॉर्ममध्ये विचारलेली आणि धोका ठरवायला लागणारी गोष्ट महत्त्वाचीच. दोन्ही बाजूंना निकाल सापडतात. ग्राहक आयोगासमोर आणि विमा लोकपालांसमोर कुठला चालेल ते प्रकरणावर ठरतं. तुमच्या बाबतीत बीपी आणि हृदय यांचा संबंध नाही असं म्हणणं अवघडच होतं. मणक्याचं असतं तर मी लढा म्हटलं असतं.

केदार_ठाणे

एक महत्त्वाचं. आजकाल एजंट त्याच्या टॅबवर फॉर्म भरतो आणि आपल्याला फक्त ओटीपी विचारतो. तो ओटीपी हीच तुमची सही. माझ्या मित्राला सगळे ‘नाही’ भरलेत हे पॉलिसी आल्यावर कळलं. पॉलिसीबरोबर फॉर्मची प्रत येते, ती वाचा. पॉलिसी तपासून परत करायला ३० दिवसांचा फ्री-लूक असतो, तेवढ्यात चूक दिसली तर कंपनीला थेट ईमेल करा. एजंटला व्हॉट्सअॅप केलेलं कुठेच मोजलं जात नाही. आणि कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येतो तोही रेकॉर्ड होतो, तिथे फॉर्मपेक्षा वेगळं बोललात तर तेही निघतं.

मृण्मयी_गंगापूररोड

चार दिवसांनी लिहितेय. हॉस्पिटलातून २०२२ चा पेपर मिळाला. त्यावर ‘जेवणानंतर दोन तासांनी छातीच्या मध्यभागी जळजळ, घाम नाही, हाताला वेदना नाही’ असं आहे, आणि बीपी १४६/९२. आम्हाला हा आकडा माहीतच नव्हता.

एजंटला बाजूला ठेवून मी स्वतः ऑनलाइन फॉर्म भरला. औषधाच्या रकान्यात काकांनी सांगितलं तसं नाव, मात्रा, महिना आणि परवाचं मोजमाप १३०/८४ लिहिलं. पुढे ‘२०२२ च्या अखेरीपासून बीपी सीमारेषेवर असल्याचा सल्ला, गोळी नव्हती’. लक्षणात त्या रात्रीची तारीख, जळजळ, दोन्ही रिपोर्ट, पाच दिवसांच्या गोळ्या, नंतर त्रास नाही आणि तेव्हाचा १४६/९२ सुद्धा. माझं थायरॉइड मी विसरलेच होते! बाळंतपणानंतर आठ महिने थायरॉक्सिन घेतली होती, डॉक्टरांनीच बंद केली, तेही ‘कधीही’ या प्रश्नाखाली टाकलं. सासऱ्यांबद्दल वय, झोपेत निधन, शवविच्छेदन नाही, अकरा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या.

काल कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. वीस मिनिटं बोलले, बहुतेक सगळं त्या रात्रीबद्दलच. आता नवऱ्याची ट्रेडमिल टेस्ट आणि क्रिएटिनिन मागितलं आहे, शनिवारी जायचंय. नणंद अजून रागावलेली आहे.

दप्तरदार

ट्रेडमिलच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या आणि लॅबवाल्यांना सांगा. रिपोर्टची एक प्रत तुमच्याकडेही मागा. उत्तरात जादा प्रीमियम किंवा एखादी अट आली तर ते पत्र स्वीकारण्याआधी इथे टाका, आकडे बघून सांगतो.

शैलजा_परांजपे

बाटली पाहिली. टिमोलॉल आहे.

डॉ_अनघा_सांगली

शैलजाताई, हे काचबिंदूचे थेंब आहेत. आईंना मोतीबिंदूच आहे असं कुणी सांगितलं होतं? पॉलिसीचं नंतर बघू, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून डोळ्यांतला दाब किती आहे ते विचारा. दमा असेल तर तेही त्यांना सांगा, हे थेंब दम्यात चालत नाहीत.